सरावात काय खरं होतं आणि काय 'मानलं' होतं?

प्रश्न : टीव्हीवर मोठमोठे युद्धसराव दाखवतात. रणगाडे धावतात, विमानं येतात, सगळं घड्याळाच्या काट्यावर होतं. पण सगळं आधीच ठरलेलं असेल, तर सैन्य खरंच तयार आहे की नाही हे त्यातून कसं कळतं? हुकूम देण्यातल्या आणि पुरवठ्यातल्या उणिवा शांततेच्या काळात कशा काय उघड होतात?

उत्तर :

तुम्ही टीव्हीवर पाहता तो बहुतेक वेळा सराव नसतोच, ते प्रात्यक्षिक असतं. पाहुण्यांसाठी शामियाना घातलेला असतो आणि जमिनीवर चुन्याच्या रेषा आखलेल्या असतात. त्या दिवशी काही बिघडू नये यासाठीच सगळी धडपड चालते. सरावात उलटं असतं. काही बिघडलंच नाही, तर एवढा खर्च करून काय कळलं, असं विचारावं लागतं.

मी नोकरीतली बरीच वर्षं पुरवठ्याच्या बाजूला काढली आणि शेवटची काही वर्षं सरावांत पंच म्हणून काम केलं. पंच म्हणजे दोन्ही बाजूंच्या मध्ये फिरणारा, कोण 'मेला', कोणता पूल 'उडाला' हे ठरवणारा आणि मुख्य म्हणजे वेळा टिपणारा माणूस. त्या कामात मला एक सवय लागली. कुठल्याही सरावाचे कागद हातात आले की मी आधी 'मानलेल्या गोष्टी' असा परिच्छेद शोधायचो. प्रत्येक सरावात तो असतोच. दारूगोळा मिळाला असं मानलं, पूल शाबूत आहेत असं मानलं, रेल्वेचे डबे वेळेवर लागले असं मानलं. हे मानणं अपरिहार्य आहे, कारण सगळंच खरं करायचं तर प्रत्यक्ष युद्धच करावं लागेल. पण ज्या गोष्टी मानल्या, त्यांची परीक्षा झालेली नसते, हे मात्र विसरून चालत नाही. आणि मानलेल्या गोष्टींत पुरवठ्याचा नंबर नेहमी वरचा असतो. लढण्याचा भाग बघायला सगळ्यांना आवडतं. डिझेलच्या नळीला कनेक्टर बसतोय की नाही हे बघायला कोणी येत नाही.

हुकूम आणि पुरवठा या दोन्हींची एकत्र परीक्षा घेऊन सपशेल नापास करणारा सराव म्हणून मी नेहमी अमेरिकेचा 1978 सालचा 'निफ्टी नगेट' सांगतो. त्याची चित्रफीत दाखवण्यासारखी नाही, कारण त्यात एकही रणगाडा हलला नाही. ऑक्टोबर 1978 मध्ये एकवीस दिवस चाललेला हा मुख्यालयांचा सराव होता. माणसं टेबलांवर बसली होती, संदेश खरे जात होते, सैन्य मात्र कागदावर हलत होतं. प्रसंग असा की वॉर्सा कराराच्या देशांनी फारशी पूर्वसूचना न देता पश्चिम युरोपवर हल्ला केला आहे आणि अमेरिकेला आपलं सैन्य अटलांटिकपलीकडे पोचवायचं आहे. सुमारे दोन डझन लष्करी कमांड आणि तीसएक नागरी खाती त्यात सामील होती. दुसऱ्या महायुद्धानंतर एवढ्या व्यापक पातळीवर सगळ्या यंत्रणेला एकदम जुंपून पाहिल्याचा हा पहिलाच प्रसंग.

निकाल वाईट लागला. सरावाच्या हिशेबात सुमारे 4 लाख सैनिक गमावले गेले, दोन ते पाच लाख प्रशिक्षित सैनिक रणभूमीवर वेळेत पोचलेच नाहीत आणि हजारो टन सामान मागेच राहिलं. थोडक्यात, कागदावरचं युद्ध अमेरिका आणि तिचे मित्रदेश हरले. सैनिक लढायला कमी पडले म्हणून नव्हे. ते बंदरात, विमानतळावर, रेल्वेच्या फलाटावर अडकले म्हणून.

ते का अडकले, हा यातला खरा शिकण्यासारखा भाग आहे. सैन्य दूर पाठवण्याच्या योजनेचा गाभा म्हणजे एक भलीमोठी यादी असते. त्यात प्रत्येक तुकडीसाठी एक ओळ : कुठून निघणार, कोणत्या बंदरातून किंवा विमानतळावरून, कितव्या दिवशी, किती माणसं, किती टन आणि किती जागा व्यापणारं सामान, पलीकडे कुठे उतरणार. अशा हजारो ओळी. शांततेत प्रत्येक प्रदेशाचा सेनापती आपापली यादी आपल्या जागी बसून करतो. ती एकटी वाचली तर सुसंगत असते. पण प्रत्येकानं तीच विमानं आणि तीच जहाजं आपलीच आहेत असं धरलेलं असतं. एकाच टॅक्सीचं पाच घरांनी एकाच पहाटेचं बुकिंग करावं, तसं. पाचही घरांच्या वह्यांत ती टॅक्सी आलेली असते.

त्या वेळी अमेरिकेत वाहतुकीच्या तीन स्वतंत्र संस्था होत्या. जमिनीवरची वाहतूक आणि बंदरातली चढउतार भूदलाच्या संस्थेकडे, जहाजं नौदलाच्या संस्थेकडे आणि विमानं हवाई दलाच्या. तिघींचे वरिष्ठ वेगळे. सराव सुरू झाल्यावर युरोपातली परिस्थिती बदलली की प्राधान्यक्रम बदलायचा. एक तुकडी वर आणायची म्हणजे तिच्या मागची प्रत्येक ओळ सरकते. जहाजं देणाऱ्याला कळतं, पण रेल्वे ठरवणाऱ्याला कळायला वेळ लागतो. मग अशी गत होते की जहाज धक्क्याला लागलंय पण सामान दुसऱ्याच बंदराच्या वाटेवर आहे. माणसं विमानानं पोचली आणि त्यांची वाहनं अजून समुद्रातही नाहीत. या तिढ्यात 'हे आधी, ते नंतर' असं सांगण्याचा अधिकार कोणाला, याचं उत्तरच यंत्रणेत नव्हतं. पुरवठ्यातली म्हणून दिसणारी ही उणीव मुळात हुकमाची होती. पुढे पंच म्हणून काम करताना मी हे इतक्या वेळा पाहिलं की गोदामातली टंचाई समोर आली तरी माझी पहिली शंका मुख्यालयावर जायची.

सरावातून दोन शिफारशी निघाल्या : वाहतूक सांभाळणाऱ्या संस्थांचा सर्वोच्च लष्करी पातळीशी थेट संबंध असावा आणि सगळ्यांच्या मागण्या एकत्र करून मेळ घालणारी एकच संस्था असावी. 1979 मध्ये फ्लोरिडातल्या मॅकडिल तळावर अशी संस्था उभी राहिलीही. पण तिला मेळ घालण्याची जबाबदारी मिळाली, तिघींना हुकूम देण्याचा अधिकार मिळाला नाही. समन्वयक नेमला की प्रश्न सुटला असं मोठ्या संघटनांना फार चटकन वाटतं. विनंती करणारा आणखी एक फोन वाढला, एवढंच झालं. जमीन आणि समुद्रावरच्या वाहतूक संस्थांचं एकत्रीकरण करायला तर कायद्यानंच मनाई होती. ती 1986 च्या लष्करी फेररचनेच्या कायद्यानं उठली आणि 1987 मध्ये तिन्ही संस्था एका कमांडखाली आल्या. म्हणजे दोष कागदावर स्वच्छ दिसल्यापासून तो दुरुस्त होईपर्यंत नऊ वर्षं गेली. सराव दोष दाखवतो. तो दुरुस्त करताना कोणाचे तरी अधिकार कमी होतात आणि घोडं तिथेच पेंड खातं.

त्या सरावाची मर्यादाही सांगतो. सगळं कागदावर असल्यामुळे जहाज 'सुटलं' म्हटलं की सुटलं. बॉयलर पेटतो का, खलाशी हजर आहेत का, हे त्यात येत नव्हतं. 1990 मध्ये कुवेतच्या प्रश्नावरून अमेरिकेला खरोखर आखातात सैन्य न्यावं लागलं तेव्हा हीच बाजू उघडी पडली. राखीव ठेवलेली बरीच जहाजं मुदतीत निघू शकली नाहीत आणि 'अँटारेस' नावाचं वेगवान मालवाहू जहाज अटलांटिकमध्ये बंद पडलं, ते ओढून स्पेनच्या बंदरात न्यावं लागलं. कमांडचा दोष शोधायला टेबलावरचा सराव पुरतो. यंत्रं आणि माणसं तपासायची तर ती प्रत्यक्ष हलवावीच लागतात, आणि तीही आगाऊ न सांगता.

2019 च्या सप्टेंबरात त्याच वाहतूक कमांडनं नेमकं हे केलं. 61 राखीव जहाजांच्या ताफ्यातल्या 33 जहाजांना एकाच वेळी, पूर्वसूचना न देता निघण्याचा हुकूम दिला. अहवालातला हिशेब मला फार आवडतो, कारण तो साधा आणि निर्दय आहे. आधी पाहिलं की ताफ्यातली किती जहाजं मुळात हुकूम देण्याजोगी आहेत. उत्तर आलं 64 टक्क्यांच्या आसपास, कारण उरलेली दुरुस्तीत किंवा तपासणीत अडकलेली होती. मग पाहिलं की हुकूम दिलेल्यांपैकी किती जहाजं मोठ्या दोषाशिवाय काम करू शकली. तेही 64 टक्क्यांच्या जवळ. दोन्ही आकडे वेगवेगळे वाचले तर 'बरं आहे, सुधारणेला वाव आहे' असं म्हणून पुढे जाता येतं. पण ते एकामागून एक लागू होतात, म्हणून गुणायचे असतात. गुणाकार येतो 40.7 टक्के. उद्दिष्ट होतं 85. दहापैकी साडेआठ जहाजांच्या भरवशावर आखलेल्या योजनेला प्रत्यक्षात चार जहाजं मिळाली.

महिन्याच्या महिन्याला वर जाणाऱ्या तक्त्यांत हे दिसत नाही, कारण तिथे प्रत्येक खातं आपलाच आकडा भरतं. जहाजाचं खातं जहाजाचा, खलाशांचं खलाशांचा. गुणाकार कोणाच्याच तक्त्यात नसतो. तो सरावात आपोआप होतो.

आता हे सगळं खाली, एका रेजिमेंटच्या पातळीवर आणतो. कारण दोष उघडे पडण्याची रीत तिथे बोटांवर मोजून दाखवता येते. मी पंच असताना घडलेल्या एका प्रसंगावर हे बेतलेलं आहे, हिशेबाला सोपे जावेत म्हणून आकडे गोल केले आहेत.

पंचेचाळीस रणगाड्यांची रेजिमेंट. बाकीच्या गाड्या धरून दिवसाला 30,000 लिटर डिझेल लागतं. सगळ्या टाक्या भरल्या की पोटात 60,000 लिटर, म्हणजे दोन दिवसांची बेगमी. मागून डिझेल आणायला कागदावर दहा हजार लिटरचे पाच टँकर. डेपो 45 किलोमीटरवर. योजनेत लिहिलेलं : प्रत्येक टँकर दिवसाला दोन खेपा करेल. पाच गुणिले दोन गुणिले दहा हजार, म्हणजे रोज एक लाख लिटर आणण्याची ताकद. गरज तीस हजारांची. तिपटीहून जास्त. हे पाहून कोणता कमांडर इंधनाची काळजी करेल?

मैदानात काय झालं ते बघा. पाचपैकी एक टँकर पंपाच्या बिघाडामुळे वर्कशॉपमध्ये होता. दुसरा पिण्याच्या पाण्यासाठी वळवलेला होता, आणि ते वळवणाऱ्यानं कोणाला सांगितलेलं नव्हतं. राहिले तीन. दोन खेपांचा हिशेब दिवसाउजेडी, ताशी वीस किलोमीटरनं केलेला. पण शत्रूच्या विमानांचा धोका दाखवलेला असल्यामुळे ताफा रात्री, दिवे न लावता चालवायचा होता. कच्च्या रस्त्यावर तसा ताफा ताशी दहानं गेला तरी पुष्कळ. जायला साडेचार तास, यायला साडेचार. डेपोवर भरायला दीड तास. रणगाड्यांत ओतायला तीन, कारण नळ्या दोनच होत्या आणि एका रणगाड्याला सात-आठ मिनिटं लागतात. बेरीज साडेतेरा तास. दुसरी खेप दिवसाउजेडी करायची तर मनाई, आणि ड्रायव्हरला झोप हवीच. म्हणजे दिवसाला एकच खेप. तीन टँकर, एक खेप, तीस हजार लिटर. गरज तेवढीच. तिपटीहून जास्त ताकदीतली शिल्लक शून्यावर आली होती, आणि तोवर कोणाची मोठी चूक म्हणावी असं काही घडलेलं नव्हतं.

आणि पहिल्या दिवशी हे कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रत्येक सराव भरल्या पोटी सुरू होतो. रणगाड्यांच्या टाक्या भरलेल्या, टँकर भरलेले, जवानांच्या पिशव्यांत कोरडा शिधा. पहिल्या संध्याकाळी तीन टँकर आले, ओतून गेले, टाक्या पुन्हा साठ हजारांवर. अहवालात 'इंधनस्थिती उत्तम'.

दुसऱ्या दिवशी ब्रिगेडनं पुढे सरकण्याचा मार्ग बदलला. निर्णय चांगला होता, लढाईच्या दृष्टीनं अचूक. नवा मार्ग लढणाऱ्या तुकड्यांना वायरलेसवर मिनिटांत कळला. पण टँकर रेजिमेंटला जिथे भेटणार ती जागा जुन्याच मार्गावर होती, आणि टँकरचा ताफा पुरवठ्याच्या वेगळ्या वायरलेस जाळ्यावर होता. पुरवठ्याचं मुख्यालय लढाईच्या मुख्यालयापासून वीसेक किलोमीटर मागे. बदलाचा कागद तिथे रोजच्या संध्याकाळच्या टपालाबरोबर जायचा. दोन टँकरच्या पुढाऱ्याला वाटेत एका मिलिटरी पोलिसानं सांगितलं म्हणून ते वळले. तिसरा जुन्या तिठ्यावर रात्रभर उभा राहिला. मी त्या ड्रायव्हरशी बोललो. तो म्हणाला, "साहेब, मला सांगितलेल्या जागी मी वेळेवर होतो." त्याचं शंभर टक्के बरोबर होतं.

त्या संध्याकाळी वीस हजार लिटरच मिळाले. तीस खर्च, वीस जमा, टाक्यांत पन्नास हजार. पुढच्या दिवशी जागेचा घोळ निस्तरला, तर एक टँकर नाल्यात रुतला. पुन्हा वीस. टाक्यांत चाळीस. सराव तीन दिवसांचा असता, तर इथेच शिट्टी वाजली असती आणि 'पुरवठा समाधानकारक' असा शेरा पडला असता. चाळीस हजार म्हणजे सव्वा दिवसापेक्षा जास्त साठा, कोण तक्रार करणार? हा सराव सात दिवसांचा होता. चौथ्या संध्याकाळीही वीसच आले, तीस उरले. पाचव्या दिवशी रेजिमेंट कोरडी.

खरं तर ती चौथ्या दिवशीच थांबली. सरासरी फसवते. तीस हजार लिटर हे सगळ्या गाड्यांत मिळून होतं. सगळ्यात पुढे गेलेली आणि म्हणून नळीपाशी सगळ्यात शेवटी पोचणारी स्क्वाड्रन दोन दिवस अर्धपोटी भरली जात होती. चौथ्या दुपारी तिचे सात रणगाडे उभे राहिले, तेव्हा मुख्यालयाच्या फळ्यावर त्याच रेजिमेंटपुढे हिरवी खूण होती. का? कारण फळ्यावरची माहिती आदल्या संध्याकाळी सहाची. ती स्क्वाड्रनांकडून गोळा होऊन, बेरजा होऊन, वर पोचून, फळ्यावर चढेपर्यंत चौदा तास गेलेले. मी घड्याळ आणि फळ्याचा फोटो असं दोन्ही घेऊन ठेवलं होतं. नंतरच्या चर्चेत तेच कामाला आलं, कारण प्रत्येक जण आपल्या ठिकाणी बरोबर होता आणि तसे कागदही प्रत्येकाकडे होते.

म्हणून पंचांचं मुख्य हत्यार म्हणजे वेळेची नोंद. एक संदेश वरून सोडायचा आणि तो प्रत्येक पायरीवर किती वाजता आला, किती वाजता पुढे गेला हे टिपायचं. जुना दंडक आहे : हातात असलेल्या वेळेपैकी एक तृतीयांश वरच्यानं वापरावा, दोन तृतीयांश खालच्यांसाठी सोडावा. संध्याकाळी सहाला हुकूम आला आणि पहाटे सहाला हल्ला आहे, तर डिव्हिजननं दहापर्यंत आपलं काम संपवावं. प्रत्यक्षात नकाशावरची रेघ सुंदर करण्यात साडेअकरा वाजतात. ब्रिगेड तीन वाजवते. बटालियन साडेचार. कंपनी कमांडरला दीड तास मिळतो, तोही अंधारात. त्यानं जमीन पाहिलेली नसते. सकाळी हल्ला फसतो आणि शेरा येतो, 'कंपनी कमांडरची तयारी अपुरी'. वेळेचा कागद शेजारी ठेवला की कोण अपुरं होतं ते कळतं. आणखी एक जुनी युक्ती म्हणजे भर गडबडीत कमांडरला 'मेलास' म्हणून बाजूला बसवायचं आणि पुढे काय होतं ते बघायचं. काही मुख्यालयं तासाभरात सावरतात. काहींत दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याला राखीव तुकडी कुठे आहे तेच माहीत नसतं, कारण ते साहेबांच्या डोक्यात होतं.

आता तुमच्या 'सगळं आधीच ठरलेलं असतं' या शंकेकडे येतो. ती रास्त आहे. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेचाच 2002 चा 'मिलेनियम चॅलेंज'. त्यात शत्रूच्या बाजूचं नेतृत्व पॉल व्हॅन रायपर या निवृत्त मरीन जनरलकडे होतं. त्यानं रेडिओ टाळला, दुचाकीवरून निरोप पाठवले आणि सुरुवातीलाच क्षेपणास्त्रं व छोट्या बोटींचा एकदम मारा करून समोरच्या आरमाराची सोळा जहाजं 'बुडवली'. मग ती जहाजं पुन्हा तरंगती करण्यात आली आणि सराव पुढे चालू राहिला.

लोक हे सांगून हसतात, पण जहाजं पुन्हा तरंगवण्यात मला गैर वाटत नाही. हजारो माणसं ठरलेल्या तारखांना ठरलेल्या मैदानांवर आलेली असतात. पहिल्या दिवशी आरमार बुडालं म्हणून त्यांना घरी पाठवलं तर उरलेलं काहीच तपासलं जाणार नाही. मीही कितीतरी 'मेलेल्या' तुकड्या दुसऱ्या सकाळी जिवंत केल्या आहेत. गोष्ट बिघडली ती त्यानंतर. शत्रूच्या बाजूला काय करायचं आणि काय नाही हे सांगितलं जाऊ लागलं. व्हॅन रायपर यांनी मधेच शत्रूचं नेतृत्व सोडलं आणि नंतर जाहीर टीका केली. जहाज पुन्हा तरंगवायला हरकत नाही, पण ते बुडालं होतं ही ओळ अहवालात पहिल्या पानावर राहायला हवी.

काही गोष्टी मात्र कितीही प्रामाणिक सराव केला तरी हाती लागत नाहीत. भीती दाखवता येत नाही. दारूगोळा तर जवळपास कधीच खऱ्या वजनाचा वाहून नेला जात नाही, कारण खोकी रिकामी असतात किंवा नसतातच. त्यामुळे ट्रक हलके पळतात, पुलांवर रांगा लागत नाहीत आणि सगळं वेळापत्रक खोटं गोड दिसतं. यावर उपाय आहे, तो अजिबात शोभिवंत नाही : तेवढ्या वजनाची वाळूची पोती भरा. मी एकदाच एका कमांडरला हे करताना पाहिलं. ट्रकांना लागणारा वेळ जवळपास दीडपट झाला आणि चार ट्रकांचे पाटे तुटले. बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं.

त्या इंधनाच्या प्रसंगाचं पुढे काय झालं ते सांगतो. चर्चेत पहिली मागणी आली ती जास्त टँकरची. ती नेहमीच पहिली येते, कारण त्यात कोणाची चूक निघत नाही. पण वेळेचा कागद पुढे ठेवल्यावर दिसलं की सहा टँकर असते तरी त्यातले दोन तिठ्यावर उभे राहिले असते. शेवटी तीन गोष्टी ठरल्या. हालचालीच्या हुकमाच्या नमुन्यात 'पुरवठ्याच्या भेटीची जागा बदलते का' अशी एक ओळ घातली, जी भरल्याशिवाय हुकूम सुटणार नाही. टँकरच्या पुढाऱ्याला लढाईच्या जाळ्यावर ऐकण्यासाठी एक वायरलेस संच दिला. आणि इंधनाचा अहवाल बेरीज करून पाठवण्याऐवजी सगळ्यात कमी साठा कोणत्या तुकडीकडे आहे एवढंच दर चार तासांनी कळवायचं ठरवलं.

पुढच्या वर्षीच्या सरावात मी पुन्हा त्याच रेजिमेंटवर पंच होतो. मार्ग दोनदा बदलला, आणि टँकरला दोन्ही वेळा तासाभरात कळलं. पाचव्या दिवशी रणगाडे चालू होते. डिझेल ओतायच्या नळ्यांची मागणीही वर पाठवली होती म्हणे. त्या रात्री मोजल्या, दोनच होत्या.